सोऱ्याचा तक्ता आणि कोरा आलेख कागद

विद्राव्यतेवरचं व्याख्यान असलं की पडद्यावर एक तक्ता येतोच. डावीकडे तापमान, उजवीकडे 100 ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त किती पोटॅशियम नायट्रेट विरघळतं त्याचे आकडे आणि शेजारी त्याच आकड्यांचा तयार वक्र. विद्यार्थी वक्र वहीत उतरवून घेतात आणि व्याख्यान पुढे सरकतं. पण त्या आकड्यांपासून वक्रापर्यंत जायला जे काही करावं लागतं, ते सगळं व्याख्यात्याने आधीच केलेलं असतं. कुठली राशी कुठल्या अक्षावर घ्यायची, एका सेंटिमीटरला किती अंश मानायचे, बिंदू पट्टीने जोडायचे की हाताने, हे निर्णय विद्यार्थ्याच्या वाट्याला येतच नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र समोर कोरा आलेख कागद येतो आणि हे सगळं त्याला एकट्याने करावं लागतं.

म्हणून काही शिक्षक व्याख्यानातला तक्ता ठेवतात, वक्र काढून टाकतात आणि त्या जागी कोरी चौकट छापून सरावपत्रिका करतात. वरवर सोपं वाटणारं हे काम नीट करायला बसलं, की त्यात बरंच काही ठरवावं लागतं. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा. त्याच्याच तक्त्यावरून हे काम कसं चालतं ते पाहता येईल.

जुन्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांतून चालत आलेला हा तक्ता असा आहे:

| तापमान (°C) | 100 ग्रॅम पाण्यात सोरा (ग्रॅम) |
|---|---|
| 0 | 13.3 |
| 10 | 20.9 |
| 20 | 31.6 |
| 30 | 45.8 |
| 40 | 63.9 |
| 50 | 85.5 |
| 60 | 110 |
| 70 | 138 |
| 80 | 169 |
| 90 | 202 |
| 100 | 246 |

पत्रिका करायला घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली एककाची. काही तक्ते 100 ग्रॅम पाण्यात किती पदार्थ मावतो ते सांगतात, तर काही 100 ग्रॅम द्रावणात किती पदार्थ असतो ते. सोऱ्याच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. 100 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात 246 ग्रॅम सोरा मावतो, म्हणजे एकूण द्रावण 346 ग्रॅमचं होतं आणि त्याच्या 100 ग्रॅममध्ये सोरा सुमारे 71 ग्रॅम असतो. शीर्षक न वाचता दोन पुस्तकांतले आकडे एकाच स्तंभात आले, तर वक्र मधेच कोसळतो आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी बसतो.

दुसरी तपासणी वजाबाकीची. प्रत्येक ओळीतून तिच्या आधीची ओळ वजा केली, की दर 10 अंशांना होणारी वाढ मिळते: 7.6, 10.7, 14.2, 18.1, 21.6, 24.5, 28, 31, 33 आणि शेवटी एकदम 44. सुरुवातीपासून वाढ तीन-चार ग्रॅमच्या पायऱ्यांनी चढत आली आहे आणि शेवटच्या पायरीला तिने उडी मारली आहे. याचा अर्थ 90 किंवा 100 अंशांचा आकडा बाकीच्यांशी नीट जुळत नाही. शेजारच्या बिंदूंवरून गुळगुळीत वक्र काढला, तर 90 अंशांना 205 च्या आसपास वाचन मिळतं, तक्ता मात्र 202 सांगतो. पुस्तकागणिक अशा तक्त्यांत दोन-चार ग्रॅमचा फरक असतोच, कारण ते वेगवेगळ्या मोजण्यांवरून आलेले आहेत. पण पत्रिका करणाऱ्याने ही वजाबाकी केली नाही आणि नेमका 90 अंशांचा प्रश्न विचारला, तर ज्याने वक्र उत्तम काढला त्याचं उत्तर चूक ठरेल. त्यामुळे ती ओळ प्रश्नात घ्यायचीच नाही, हे इथेच ठरतं.

मग 11 पैकी किती ओळी द्यायच्या? सगळ्या दिल्या तर बिंदू इतके जवळ येतात, की पट्टीने जोडले काय आणि हाताने वक्र काढला काय, उत्तरात फरक पडत नाही. 40 आणि 60 अंशांचे बिंदू सरळ रेषेने जोडले, तर 50 अंशांना सुमारे 87 ग्रॅम वाचता येतात. तक्त्यातला खरा आकडा आहे 85.5. कागदावर हे अंतर एक मिलिमीटरही भरत नाही. पण मधल्या ओळी काढून फक्त 0, 10, 20, 40, 60 आणि 100 अंशांच्या सहा ओळी दिल्या आणि 80 अंशांचा आकडा आलेखावरून वाचायला सांगितला, तर चित्र पालटतं. ज्याने 60 आणि 100 चे बिंदू पट्टीने जोडले, त्याला 178 मिळतात. ज्याने सगळ्या बिंदूंचा कल पाहून हाताने गुळगुळीत वक्र काढला, तो 169 ते 171 च्या आसपास पोहोचतो. खरा आकडा 169 आहे. नऊ ग्रॅमचा हा फरक कागदावर साडेचार मिलिमीटर होतो आणि उत्तर पाहूनच वक्र कसा काढला ते कळतं. लपवलेल्या ओळीच उत्तरसूचीचं काम करतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

या सहा ओळींमध्ये आणखी एक गोष्ट मुद्दाम घडवलेली आहे. त्यांच्यातली अंतरं सारखी नाहीत: 10, 10, 20, 20 आणि 40. आलेख काढताना सर्वांत जास्त आढळणारी चूक इथे पकडता येते. पुष्कळ विद्यार्थी तक्त्यातले आकडे जसेच्या तसे अक्षावर सारख्या अंतरावर लिहून टाकतात. 20 च्या पुढच्या ठळक रेषेवर 40, त्याच्या पुढच्या रेषेवर 60 आणि लगेच पुढे 100. अशा आलेखात वक्राला 20 अंशांवर एक आणि 60 अंशांवर त्याहून मोठा असा खोटा कोपरा पडतो, कारण 20 आणि 40 अंशांतली वाढ 10 अंशांच्या जागेत कोंबली जाते. शिक्षकाला अक्षावरचे आकडे वाचायचीही गरज पडत नाही. वक्र 20 पाशी अचानक उभा राहिला असेल, तर प्रमाण चुकलंय हे दुरूनही दिसतं. सारख्या अंतराच्या ओळी दिल्या असत्या, तर ही चूक झाकलेलीच राहिली असती.

आता चौकट आणि प्रमाण. शालेय गणितात दोन चलांच्या रेषीय समीकरणांचे आलेख काढताना दोन्ही अक्षांवर 1 सेमी = 1 एकक असं प्रमाण घ्यायची सवय लागलेली असते. विज्ञानात दोन अक्षांवर दोन वेगळ्या राशी असतात, म्हणून प्रमाणंही दोन वेगळी लागतात. इथेच अनेकांची गाडी अडते. आडव्या अक्षावर 0 ते 100 अंश आणि उभ्या अक्षावर 0 ते 246 ग्रॅम मावले पाहिजेत. ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा. तो उभा धरला, तर समास सोडून आडव्या बाजूला साधारण 17 सेंटिमीटर जागा उरते. पूर्ण जागा वापरायच्या मोहाने एखादा 1 सेमी = 6 अंश असं प्रमाण घेतो आणि मग 20 अंशांचा बिंदू 3.33 सेंटिमीटरवर येतो. कागदावर अशी रेषाच नाही. लहान चौकटीची किंमत 0.6 अंश होते आणि प्रत्येक बिंदूसाठी भागाकार करत बसावं लागतं.

म्हणून सेंटिमीटरला 1, 2 किंवा 5 आणि त्यांच्या दहापटी, शंभरपटी हीच प्रमाणं कामाची. 1 सेमी = 10 अंश घेतलं तर अक्ष 10 सेंटिमीटरचा होतो आणि उभ्या कागदावर सात सेंटिमीटर वाया जातात. 1 सेमी = 5 अंश घेतलं तर 20 सेंटिमीटर लागतात, जे उभ्या कागदावर बसत नाहीत पण आडव्या कागदावर आरामात बसतात. उभ्या अक्षाला 1 सेमी = 20 ग्रॅम घेतले, तर 260 ग्रॅमपर्यंत 13 सेंटिमीटर पुरतात. म्हणजे चौकट 20 बाय 13 सेंटिमीटरची, कागद आडवा. एक लहान चौकट आडवी अर्ध्या अंशाची आणि उभी दोन ग्रॅमची.

या प्रमाणात 20 अंशांचा बिंदू आडवा 4 सेंटिमीटरवर आणि उभा 15.8 मिलिमीटरवर येतो, म्हणजे सोळाव्या बारीक रेषेच्या किंचित खाली. 60 अंशांचा 12 सेंटिमीटरवर आणि 55 मिलिमीटरवर, 100 अंशांचा 20 सेंटिमीटरवर आणि 123 मिलिमीटरवर. बोथट पेन्सिलीचा गोल ठिपका सहज एक मिलिमीटर जाड होतो आणि तेवढ्यात दोन ग्रॅम गडप होतात. म्हणून ठिपक्याऐवजी टोकदार पेन्सिलीची बारीक फुली मारायला सांगायचं. फुलीच्या दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू, आणि वक्र काढून झाल्यावरही तो दिसत राहतो.

कोरी चौकट छापायला विकतचा ग्राफ पेपर चालतोच. पण पत्रिकेवर तक्ता, प्रश्न आणि चौकट एकत्र हवी असतील, तर ती संगणकावर मिलिमीटरच्या मापाने काढावी लागते. पायथन भाषेत काही ओळींत ती होते:

```python
import matplotlib.pyplot as plt
from matplotlib.ticker import MultipleLocator as ML

mm = 1/25.4
fig = plt.figure(figsize=(297*mm, 210*mm))
ax = fig.add_axes([50/297, 35/210, 200/297, 130/210])
ax.set_xlim(0, 200)
ax.set_ylim(0, 130)
for a in (ax.xaxis, ax.yaxis):
    a.set_major_locator(ML(10))
    a.set_minor_locator(ML(1))
ax.grid(which="major", color="0.45", lw=0.7)
ax.grid(which="minor", color="0.75", lw=0.25)
ax.tick_params(which="both", length=0,
               labelbottom=False, labelleft=False)
fig.savefig("grid.pdf")
```

इथे अक्षांवर अंश आणि ग्रॅम दिलेले नाहीत, नुसते 200 आणि 130 मिलिमीटर दिले आहेत. त्यामुळे हीच चौकट दुसऱ्या कुठल्याही तक्त्याला वापरता येते. डावीकडे 50 आणि खाली 35 मिलिमीटर जागा सोडली आहे, कारण अक्षांची नावं आणि आकडे विद्यार्थ्याला हाताने लिहायचे आहेत. ही जागा अपुरी पडली, तर मुलं आकडे चौकटीच्या आत लिहितात आणि बिंदू त्यांच्याखाली झाकले जातात.

रेषांचा रंग हाही विचाराचा भाग आहे. बारीक रेषा फार गडद असल्या तर पेन्सिलीचा वक्र त्यांत हरवतो. फार फिक्या असल्या तर झेरॉक्सच्या पहिल्याच प्रतीत त्या निम्म्या उडतात आणि जागोजागी चौकटी तुटतात. वर्गाला पत्रिका झेरॉक्स करूनच द्यायची असते, म्हणून मूळ प्रत स्क्रीनवर कशी दिसते यापेक्षा झेरॉक्सवर कशी येते ते आधी पाहावं आणि गरज पडली तर `0.75` चा आकडा थोडा कमी करून रेषा गडद करावी.

छपाईत खरी गोची होते ती मापाची. प्रिंटरच्या खिडकीत बहुधा कागदात बसवण्यासाठी आकार लहान करण्याचा पर्याय आधीच निवडलेला असतो. त्यामुळे चौकट 95 टक्क्यांवर छापली गेली, तर विद्यार्थी चौकटी मोजून बिंदू काढतो तोवर काहीच बिघडत नाही. पण जो विद्यार्थी पट्टीने मोजतो, त्याचा 100 अंशांचा बिंदू पट्टीच्या 123 मिलिमीटरवर जातो, तर छापील चौकटीत त्या बिंदूची जागा 117 च्या जवळपास असते. हा सहा मिलिमीटरचा फरक म्हणजे 12 ग्रॅमचा. अशा आलेखाची खूण म्हणजे चूक खाली जवळजवळ नसते आणि वर जाताना हळूहळू वाढत जाते. आकार न बदलता छापण्याचा पर्याय निवडून, पहिल्या प्रतीवर दहा ठळक चौकटींवर पट्टी ठेवली आणि त्या 10 सेंटिमीटर भरल्या की निर्धास्त व्हायचं.

एकाच तक्त्याच्या तीन पत्रिका केल्या तर सराव टप्प्याटप्प्याने अवघड होत जातो. पहिल्या पत्रिकेत अक्षांची नावं, एककं, आकडे आणि कोपऱ्यात प्रमाण छापलेलं असतं, मुलांनी फक्त बिंदू स्थापन करायचे आणि वक्र काढायचा. दुसरीत अक्ष रेघून दिलेले असतात पण आकडे नसतात. तिथे प्रमाण ठरवणं आणि ते कोपऱ्यात लिहिणं हे विद्यार्थ्याचं काम. तिसरीत नुसती चौकट. कागद आडवा धरायचा की उभा, आरंभबिंदू कुठे घ्यायचा, तापमान कुठल्या अक्षावर जाईल, सगळं त्याच्यावर. तापमान आपण ठरवतो आणि विद्राव्यता त्यावर अवलंबून असते म्हणून तापमान X-अक्षावर, हे तिसऱ्या पत्रिकेवर पहिल्यांदा स्वतः लिहावं लागतं. आधीच्या दोन पत्रिकांवर ते छापील असतं आणि छापील गोष्टीकडे मूल लक्ष देईलच असं नाही.

तपासताना पहिल्या पत्रिकेला पारदर्शक कागदावर छापलेला बरोबर वक्र वर ठेवला, की काही सेकंदांत निकाल लागतो. अर्थात तो कागदही त्याच मापात छापलेला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या पत्रिकेला ही युक्ती चालत नाही, कारण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असू शकतं. तिथे आधी प्रमाण वाचायचं, मग कुठलाही एक मधला बिंदू, म्हणजे 40 अंशांचा, त्या प्रमाणात योग्य जागी आहे का पाहायचं आणि शेवटी 80 अंशांचं वाचन. 165 ते 173 मधलं उत्तर स्वीकारायला हरकत नाही, कारण हाताने काढलेल्या वक्रात आणि दोन ग्रॅमच्या चौकटीत यापेक्षा जास्त नेमकेपणा मागणं अन्यायाचं होईल.

ज्यांना वाटतं की आलेख म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ, त्यांच्यासाठी याच पत्रिकेवर दुसरा वक्र काढायला द्यावा: मिठाचा. बंदुकीच्या दारूत सुमारे तीन-चतुर्थांश सोरा लागत असे आणि बिहारमधून, विशेषतः पाटण्याच्या परिसरातून, डच आणि इंग्रज कंपन्या तो जहाजं भरून नेत असत. मातीतून मिळणाऱ्या कच्च्या सोऱ्यात मीठ मिसळलेलं असे. ते वेगळं करायची रीत या दोन वक्रांतच दडलेली आहे. कच्चा सोरा गरम पाण्यात विरघळवायचा आणि द्रावण निवू द्यायचं. 60 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात 110 ग्रॅम सोरा मावतो, 20 अंशांना फक्त 31.6. म्हणजे संपृक्त द्रावण निवताना 78.4 ग्रॅम सोरा स्फटिकरूपात बाहेर पडतो. मिठाची विद्राव्यता याच टप्प्यात एक-सव्वा ग्रॅमने उतरते, त्यामुळे ते बहुतेक पाण्यातच राहतं. विद्यार्थ्याने दोन्ही आकडे तक्त्यावरून नव्हे तर स्वतःच्या वक्रांवरून वाचून वजाबाकी करायची. ती करताना वक्राच्या उभेपणाचा अर्थ स्फटिकांच्या ग्रॅमांत समोर येतो.

मिठाचा वक्र मात्र पत्रिका करणाऱ्याला एक नवा प्रश्न विचारतो. शून्य अंशाला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 35.7 ग्रॅम मीठ मावतं आणि 100 अंशांना सुमारे 39. सोऱ्याच्या चौकटीवर ही सगळी चढण दीड-दोन मिलिमीटरमध्ये संपते आणि वक्र आडवी रेघ वाटतो. दोन पदार्थांची तुलना करायची असेल तर तेच बरोबर चित्र आहे. पण मिठाची विद्राव्यता किती अंशांना किती वाढते ते वाचायचं असेल, तर उभा अक्ष 35 पासून सुरू करून 1 सेमी = 0.5 ग्रॅम असं प्रमाण घ्यावं लागतं. मग तोच पदार्थ चांगलाच उभा चढताना दिसतो. म्हणून अशा पत्रिकेवर अक्षाच्या तळाशी, 35 च्या आधी, नागमोडी खूण करून अक्ष तोडल्याचं दाखवायला सांगावं आणि दोन्ही पत्रिका बाकावर शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा: 0 ते 100 अंशांत सोरा किती पटीने वाढला आणि मीठ किती पटीने? पहिलं उत्तर सुमारे साडेअठरा, दुसरं जेमतेम एक दशांश जास्त. हे भागाकार अक्षांवरचे आकडे वाचूनच करता येतात, रेषेच्या चढावर नजर टाकून नाही.